दुर्बिणीच्या तपासणीचा दिवस

एंडोस्कोपीमध्ये करंगळीच्या जाडीची लवचीक नळी तोंडातून अन्ननलिकेत, तिथून जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेतात. नळीच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा असतो. जठरात अन्न उरले असेल तर त्याखालचा व्रण दिसत नाही. त्याहून मोठा धोका म्हणजे उलटी होऊन ते अन्न श्वासनलिकेत शिरणे. उपाशी राहायला सांगतात ते मुख्यतः यासाठी.

समजा, तपासणी सकाळी ९ वाजता आहे. आदल्या रात्रीचे जेवण हलके आणि वेळेवर उरकावे, कारण घट्ट अन्न किमान ६ ते ८ तास आधी बंद करायचे असते. साधे पाणी बहुतेक ठिकाणी २ तास आधीपर्यंत, म्हणजे ७ वाजेपर्यंत चालते. लोक चुकतात ते चहापाशी. दूध जठरात फाटून त्याच्या गाठी होतात, त्यामुळे ते पाण्यात धरत नाहीत. सहा वाजता घेतलेला अर्धा कप चहाही तपासणी पुढे ढकलायला पुरतो. मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांचे काय करायचे, हे काही दिवस आधीच डॉक्टरांना विचारावे. ती स्वतःहून बंद करू नयेत. कवळी मात्र काढून ठेवावीच.

नुसत्या स्प्रेवर तपासणी होणार असेल तर घशात लिग्नोकेन मारतात. ते कडू लागते आणि मिनिटा-दोन मिनिटांत घसा बधिर होतो. आवंढा गिळता येत नाही असे वाटून माणूस घाबरतो, पण श्वास नीट चालू असतो. डाव्या कुशीवर झोपवून दातांत प्लास्टिकची कडी देतात. नळी घशातून उतरताना उबळ येते, आणि सगळ्यात त्रासाचा क्षण तोच. त्यानंतर संथ श्वास घेत राहावे आणि लाळ न गिळता बाहेर वाहू द्यावी. नुसती पाहणी साधारण ५ ते १० मिनिटांत उरकते. तपासणीसाठी अस्तराचा तुकडा घेतलेला कळतही नाही.

ज्याला ही उबळ सोसणार नाही, त्याला शिरेतून गुंगीचे इंजेक्शन देतात. पुष्कळांना नंतर काहीच आठवत नाही. पण शुद्धीवर आल्यासारखा दिसणारा रुग्ण डॉक्टरांशी व्यवस्थित बोलतो आणि घरी पोचेपर्यंत ते सगळे विसरतो, म्हणून निदान ऐकायला नातेवाईक हजर हवा. पुढचे २४ तास गाडी चालवू नये, मद्य घेऊ नये आणि महत्त्वाच्या कागदावर सही करू नये. नुसता स्प्रे घेतलेल्याला हे निर्बंध नाहीत.

घशाचा बधिरपणा जायला साधारण तासभर लागतो. तोवर खाल्ले-प्यायले तर ठसका लागतो आणि गरम चहाने तोंड भाजलेले समजत नाही. आधी पाण्याचा एक घोट घेऊन पाहावा. जठर फुगवायला हवा भरलेली असते, त्यामुळे पोट तट्ट वाटते आणि ढेकर येतात. घसा एक-दोन दिवस खवखवतो. मात्र छातीत किंवा पोटात वाढती कळ, ताप, गिळताना वेदना, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच यांपैकी काही झाल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.