सोयरीक हवी, मागणी नको

तुळशीचे लग्न आटोपले की वऱ्हाडात सोयरिकींना वेग येतो. कापूस घरात येऊ लागलेला असतो, नोकरदारांनी रजेचे अर्ज लिहिण्यास आरंभ केलेला असतो, आणि अकोला-अमरावतीच्या घराघरांतून 'बैठकी' भरू लागतात. या बैठकींत 'हुंडा' हा शब्द आता सहसा कोणी उच्चारीत नाही. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याचे एवढे यश मान्य करावयास हवे. शब्द गेला, व्यवहार मात्र नाव पालटून मागच्या दाराने आत आला. 'आमचे काही म्हणणे नाही, तुम्ही तुमच्या मुलीला काय द्यायचे ते द्या', 'पाहुण्यांचा मान तेवढा राखा', 'गाडी काय, शेवटी तुमच्याच मुलीला फिरायला होईल' अशी त्याची आजची भाषा आहे. ती इतकी सौजन्याची असते की तिला नकार देणारा मनुष्यच उद्धट ठरावा!

या भाषेला नकार देता येतो, तो लेखी देता येतो, आणि तरीही सोयरीक टिकते, असा एक अनुभव गेल्या वर्षी प्रस्तुत लेखकाच्या घरात आला.

माझी भाची पदवीधर असून अकोल्यात एका खाजगी संस्थेत नोकरी करते. तिचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, लिपिक आहेत. निवृत्तीस सहा वर्षे उरलेली, धाकटा मुलगा महाविद्यालयात. अमरावतीचे एक स्थळ आले. मुलगा शासकीय नोकरीत, घर सुशिक्षित. मुलामुलीची पसंती झाली आणि साक्षगंधाची तिथी पाहण्याचे ठरले. त्यानंतर मुलाच्या मामांमार्फत निरोप आला. मागणी अशी काही नव्हतीच! लग्न मुलीकडच्यांनी करून द्यावे, वऱ्हाडी दोनशे येतील, मानपान रीतीप्रमाणे व्हावेत, नवरदेवास अंगठी, गोफ व दुचाकी असावी आणि आंदणात घरसामान यावे, एवढीच 'अपेक्षा' होती.

मेहुण्यांनी हिशेब मांडला. जवळची शिल्लक घातल्यावरही पतसंस्थेकडून ४ लाख रुपये काढावे लागणार होते. बारा टक्के व्याजाने पाच वर्षांत फेडावयाचे म्हटले तर दरमहा सुमारे ८,९०० रुपये पगारातून कापले जाणार, आणि अखेरीस ४ लाखांचे सुमारे ५ लाख ३४ हजार होणार. हातात पडणारा पगार ३१ हजार. म्हणजे चौथ्या हिश्शाहून अधिक रक्कम निवृत्तीच्या उंबरठ्यापर्यंत दुसऱ्याच्या प्रतिष्ठेसाठी जाणार, आणि तिचा भार ज्याचे शिक्षण चालू आहे त्या मुलावर पडणार. अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनातून लग्नासाठी कर्ज काढू नका असे कळवळून सांगत, त्यामागे हेच साधे गणित होते.

नकार द्यावयाचा हे ठरले. पण तोंडी का नको? बैठकीतील बोलणे मध्यस्थांच्या तोंडून जाते आणि प्रत्येक मध्यस्थ त्यात स्वतःचे थोडे घालतो. 'पाहू' या शब्दाचा पलीकडे 'देऊ' होतो. शिवाय चार माणसांच्या देखत नकार मिळाला की वरपित्याला माघार घेणे कठीण जाते. पत्र तो घरात बसून, पत्नीशी व मुलाशी बोलून, कोणाच्याही देखत न हरता वाचू शकतो. आपल्याकडे याद्या करण्याची, म्हणजे देण्याघेण्याचे कागदावर मांडण्याची रीत जुनीच आहे. देणे लिहिता येते, तर न देणेही लिहिता आले पाहिजे.

वेळ कोणती हेही महत्त्वाचे. पसंती झाल्यानंतर आणि साक्षगंधापूर्वी, हाच तो अवधी. पसंतीपूर्वी लिहिलेले पत्र विनाकारण संशयाचे वाटते. साक्षगंधानंतर, पत्रिका छापल्यावर, मोडण्याची भीती एकट्या मुलीच्या बापाला उरते. ज्याच्या मनात ही भीती अधिक, त्याचा सौद्यात पराभव ठरलेला असतो, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास निराळे सांगावयास नको.

आमच्या पत्राचा पहिला मसुदा मेहुण्यांनी लिहिला. त्यात एक मोठा दोष होता. 'आमची परिस्थिती बेताची असल्यामुळे एवढे जमणार नाही' असे त्यांनी लिहिले होते. वाचावयास हे वाक्य नम्र वाटते; परंतु ते नकार नसून घासाघिशीचे आमंत्रण आहे. 'जमत नाही' म्हटले की 'मग किती जमेल?' हा प्रश्न येणारच. किंवा 'आता नको, दिवाळीला द्या' अशी सवलत येते, आणि सवलत घेतली की मुद्दल मान्य झाले. ऐपतीचे कारण सांगणारा किंमत कमी करून मागतो. निश्चय सांगणारा वस्तू विक्रीची नाही असे सांगतो. ते वाक्य आम्ही काढले. दुसरी चूक माझी होती. मी कायद्याची कलमे घातली होती. भाचीनेच ती काढावयास लावली. "मामा, ज्यांच्या घरी मला जायचंय त्यांना पहिल्याच पत्रात आरोपी कशाला करता?" असे ती म्हणाली, आणि ते खरे होते. अखेरचे पत्र असे झाले:

"सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. आपल्या घरची माणसे आम्हांस मनापासून आवडली. चिरंजीव व आमची मुलगी यांची पसंती झाली याचा आनंद आहे, आणि ही सोयरीक व्हावी अशी आमची इच्छा आहे.

मामासाहेबांनी दुचाकी, गोफ, अंगठी, आंदण, मानपान आणि लग्नाचा संपूर्ण खर्च यांविषयी सांगितले. यांपैकी काहीही आम्ही देणार नाही. हा ऐपतीचा प्रश्न नाही. मुलीच्या लग्नात देऊ नये व मुलाच्या लग्नात घेऊ नये असा आमच्या घराचा निश्चय आहे, आणि धाकट्या चिरंजीवांच्या वेळीही तो पाळला जाईल.

लग्न दोघांनी मिळून, निम्म्या निम्म्या खर्चाने अकोल्यास करावे, दोन्हीकडील पाहुण्यांचे स्वागत सारखेच व्हावे, असे आम्ही सुचवितो. मुलीला आम्ही आपखुशीने जे देऊ ते तिच्या नावाचे व तिच्या ताब्यात राहील. त्याची यादी दोघांच्या सहीने करू.

हे पत्र मुलीने वाचले असून तिची संमती आहे. साक्षगंधाची तिथी धरण्यापूर्वी, पंधरा दिवसांत, आपले उत्तर लेखी यावे ही विनंती. कळावे, लोभ असावा."

या पत्रात मागणीचा प्रत्येक जिन्नस नावानिशी लिहिला आहे. न लिहिलेला जिन्नस पुढे 'त्याबद्दल तर तुम्ही काही बोलला नव्हता' असे म्हणत परत येतो. नकाराचे वाक्य एकच, आणि त्यात 'कदाचित', 'शक्यतो' यांना जागा नाही. त्याचबरोबर नकारानंतर लगेच आपण काय करू हेही सांगितले आहे. नुसता नकार हा दार लावणे होय. खर्चाची वाटणी सुचविणे म्हणजे बसावयास दुसरी जागा देणे होय.

सह्यांच्या यादीचा उल्लेख हौसेने केलेला नाही. १९८५ साली केंद्र शासनाने भेटींच्या याद्यांविषयी नियम केले. वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने आणि वराला मिळालेल्यांची वराने लेखी ठेवावयाची. तीत वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते लिहून दोघांनी सही करावयाची. न मागता दिलेल्या भेटी या यादीत असतील, आणि वधूपक्षाकडून दिलेल्या भेटी रूढीला धरून व ऐपतीबाहेर नसतील, तरच कायदा त्यांना हुंड्यातून वगळतो.

कायदा पत्रात नसला तरी पत्र लिहिणाऱ्याने तो मनात ठेवावा. १९८४ च्या दुरुस्तीपासून 'विवाहाचा मोबदला' सिद्ध करावा लागत नाही. विवाहाच्या संबंधात दिलेली वा द्यावयाची ठरविलेली मालमत्ता पुरेशी होते. घेणाऱ्याइतकाच देणाराही गुन्हेगार असून किमान शिक्षा पाच वर्षांची आहे. म्हणून 'गाडी नाही, पण घरसामान देऊ' असे अर्धवट पत्र नैतिक दृष्ट्याच नव्हे, तर कायद्यानेही घातक ठरते. ते आपल्याच सहीचा पुरावा होते. उलट, स्पष्ट नकार दिल्याने मागणाऱ्याचा दोष कमी होत नाही. महाराष्ट्रातील एका खटल्यात उच्च न्यायालयाने असे म्हटले होते की, वधूपक्षाने देण्याचे कबूलच केले नाही, तेव्हा तो हुंडा होत नाही. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने हे मत अमान्य केले आणि मागणी हाच गुन्हा ठरविला. शासकीय नोकराला तर राज्याच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांनीही हुंडा वर्ज्य आहे.

नवव्या दिवशी उत्तर आले. 'आमची कसलीच मागणी नव्हती. मामा बोलण्याच्या ओघात काही बोलले असतील, गैरसमज नसावा. लग्न मिळून करण्यास हरकत नाही.' मेहुण्यांचा एक मित्र म्हणाला, "हे साफ खोटे आहे, त्यांना लिहा!" येथे सोयरीक मोडू शकली असती. मागणी मागे घेणाऱ्याला ती मुळात केलीच नव्हती असे म्हणण्याची मोकळीक दिलीच पाहिजे. तेवढी त्यांची अब्रू आणि तेवढाच आपला नफा. आम्ही 'गैरसमज मुळीच नाही' असे दोन ओळींचे उत्तर पाठविले आणि दोन्ही पत्रे जपून ठेवली.

पुढे एकदा दूरध्वनीवरून माझ्या बहिणीस 'गाडीचे तेवढे पाहिले असते तर' असे विचारण्यात आले. तिने "भाऊ, पत्रात लिहिलंय तेच" एवढेच म्हटले. लेखी शब्दाचा हा खरा उपयोग. दर वेळी नव्याने धैर्य गोळा करावे लागत नाही. लग्न फाल्गुनात निम्म्या खर्चाने झाले. नवरदेव स्वतःच्या जुन्या गाडीवरून नोकरीला जातो.

प्रत्येक पत्राचा शेवट असा होईल असे नाही. माझ्या एका सहकाऱ्यास अशाच पत्राचे उत्तर आलेच नाही. निरोप मात्र तोंडीच येत राहिले, मागणी थोडी थोडी उतरत गेली आणि तिथी पुढे ढकलली गेली. पत्राला पत्राने उत्तर न देणे आणि तिथीचा दाब देणे ही खूण ओळखावी. सहकाऱ्याने ती ओळखली व स्थळ सोडले. मुलगी काही दिवस उदास होती. परंतु जे लग्नानंतर, परतीची वाट बिकट झाल्यावर कळले असते, ते तिला साक्षगंधापूर्वीच, एका पत्राच्या मोलाने कळले.