सॅप कन्सल्टंटचा रेझ्युमे: तारखा काय सांगतात?

पुण्यात हिंजवडी किंवा खराडीतल्या कंपनीत सॅप कन्सल्टंटची जागा निघाली, की जाहिरातीत तीन अटी हमखास दिसतात. एका मॉड्यूलवर पक्की पकड हवी, किमान दोन 'एंड-टू-एंड इम्प्लिमेंटेशन' केलेली हवीत आणि क्लायंटसमोर बसून काम केल्याचा अनुभव हवा. आलेल्या रेझ्युमेंपैकी बहुतेकांत या तिन्ही गोष्टी लिहिलेल्याही असतात. म्हणून रेझ्युमे वाचणारा सीनियर कन्सल्टंट दाव्यांवर फार वेळ घालवत नाही. तो त्या दाव्यांच्या खुणा शोधतो.

ईआरपी म्हणजे कंपनीची खरेदी, साठा, उत्पादन, विक्री आणि हिशेब एकाच प्रणालीत बांधणारं सॉफ्टवेअर. 1972 साली जर्मनीत सुरू झालेली सॅप ही या क्षेत्रातली सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक. तिच्या सॉफ्टवेअरचे मॉड्यूलनुसार भाग पडतात आणि कन्सल्टंट त्यातलं एखादं मॉड्यूल धरून वाढतो. खरेदी आणि साठा ज्यात येतो ते एमएम.

नमुना म्हणून एक काल्पनिक रेझ्युमे घेऊ. जागा एमएम कन्सल्टंटची, सॅपच्या एस-फोर हाना या नव्या आवृत्तीवर, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या क्लायंटसाठी. उमेदवार मेकॅनिकल इंजिनिअर आहे. चाकणच्या एका कारखान्यात दोन वर्षं स्टोअर्समध्ये काढून तो सॅपकडे वळला आणि आता कन्सल्टंट म्हणून त्याची सहा वर्षं झाली आहेत.

पहिल्याच पानावर ME21N, MIGO, MIRO अशा कोडांची लांबलचक रांग आहे. नवख्याला ती भारदस्त वाटते, पण जाणकाराला तिच्यातून फारसं काही कळत नाही. ME21N वर खरेदी ऑर्डर तयार होते, MIGO वर माल जमा होतो आणि MIRO वर पुरवठादाराचं बिल नोंदवलं जातं. ही कामं कारखान्यातला खरेदी विभागाचा कर्मचारीही रोज करतो. कन्सल्टंटचं काम या पडद्यांच्या मागे असतं. माल जमा होताच साठ्याच्या खात्यात आणि अजून बिल न आलेल्या मालाच्या खात्यात आपोआप नोंद पडते. ती नेमक्या कोणत्या खात्यात पडावी, हे OBYC या सेटिंगमध्ये ठरवावं लागतं. इथेच एमएमचा हिशेबाच्या मॉड्यूलशी सांधा जुळतो. तो सांधा चुकला, तर स्टोअर्समध्ये सगळं आलबेल दिसतं आणि महिनाअखेरीला अकाउंट्सचा ताळेबंद मात्र जुळत नाही. रेझ्युमेत या सांध्याबद्दल एक ओळही नाही.

दुसरी खूण छोटी असली तरी बोलकी आहे. एस-फोर हाना प्रकल्पाखाली 'XK01 वापरून व्हेंडर मास्टर' असं लिहिलेलं आहे. एस-फोर हानामध्ये पुरवठादार BP या कोडवर, बिझनेस पार्टनर म्हणून तयार होतो. XK01 हा जुन्या आवृत्तीचा रस्ता. उमेदवार खोटं बोलतोय असा याचा अर्थ होत नाही. कदाचित त्याने जुन्या रेझ्युमेतली ओळ जशीच्या तशी उचलली असेल. पण वाचणाऱ्याच्या मनात शंका शिरते, आणि ती पुढच्या प्रत्येक ओळीला चिकटते.

मग येतात तारखा. रेझ्युमेत 'दोन एंड-टू-एंड' म्हटलं आहे. पहिला प्रकल्प जून 2021 ते मे 2022, गो-लाइव्ह 1 एप्रिल 2022. हे पटण्यासारखं आहे. गो-लाइव्हच्या दहा महिने आधी उमेदवार तिथे होता आणि भारतीय कंपन्यांना आर्थिक वर्षाच्या पहिल्या दिवशी नवी प्रणाली सुरू करणं सोयीचं पडतं. दुसरा प्रकल्प सप्टेंबर 2023 ते फेब्रुवारी 2024, गो-लाइव्ह 1 जानेवारी 2024. म्हणजे तो चार महिने आधी आला.

सॅपच्या पद्धतीत एक्सप्लोअर या टप्प्यात क्लायंटची कामाची पद्धत समजून घेतात आणि प्रणालीत काय जसंच्या तसं चालेल, काय बदलावं लागेल, हे ठरवतात. पुढे रिअलाइझमध्ये कॉन्फिगरेशन आणि चाचण्या, मग डिप्लॉयमध्ये कटओव्हर. कटओव्हरच्या वेळी जुन्या प्रणालीतला साठा गोठवून, मोजून नव्या प्रणालीत 561 या प्रकाराने चढवतात, अर्धवट राहिलेल्या खरेदी ऑर्डरी आणतात आणि साठ्याची एकूण किंमत अकाउंट्सशी जुळवून घेतात. बऱ्याच कारखान्यांच्या पहिल्या इम्प्लिमेंटेशनमध्ये गो-लाइव्ह चार महिन्यांवर आलेलं असताना मुख्य निर्णय होऊन गेलेले असतात. दुसऱ्या प्रकल्पात हा उमेदवार बहुधा चाचण्यांच्या वेळी दाखल झाला.

दोन्ही प्रकल्प मिळून अठरा महिने होतात. बहात्तर महिन्यांतले उरलेले चोपन्न महिने तो सपोर्टमध्ये होता, म्हणजे सुरू असलेल्या प्रणालीतल्या तक्रारींची तिकिटं सोडवत होता. या कामाला कमी लेखू नये. प्रणाली कुठे आणि का मोडते हे सपोर्टवाल्याइतकं क्वचितच कुणाला माहीत असतं. पण ज्याने फक्त सपोर्ट केला, त्याने दुसऱ्यांनी घेतलेले निर्णय सांभाळलेले असतात. कोऱ्या प्रणालीत स्वतः निर्णय घेण्याची वेळ त्याच्यावर आलेली नसते. 'दोन एंड-टू-एंड' या अटीमागे हाच हिशेब असतो.

क्लायंट हाताळण्याबद्दल रेझ्युमेच्या सुरुवातीला 'उत्तम संवादकौशल्य' एवढंच आहे. अस्सल पुरावा सापडतो तिसऱ्या पानावर, तळाशी: 'खरेदी मंजुरीचे पाच टप्पे दोनवर आणले.' या ओळीला मोल आहे. प्रत्येक ऑर्डरवर पाच सह्या हव्यात असा आग्रह धरणाऱ्या खरेदीप्रमुखाला उमेदवाराने रकमेनुसार मंजुरीच्या पातळ्या ठरवायला राजी केलं असणार. पण कुणाशी बोलून, कशाच्या आधारे आणि शेवटी लेखी संमती कुणी दिली, यातलं काहीच तिथे नाही. स्टोअर्समधली दोन वर्षंही शेवटच्या पानावर एका ओळीत उरकली आहेत.

या जागेसाठी तर तीच दोन वर्षं सर्वांत कामाची. सुट्या भागांच्या उद्योगात जॉबवर्क सतत चालतं. कच्चे भाग चलनावर बाहेर प्लेटिंगला किंवा मशीनिंगला जातात आणि तयार होऊन परततात. सॅपमध्ये 541 ने ते जॉबवर्करकडे गेल्याचं नोंदवतात, पण मालकी कंपनीचीच राहते. तयार माल 101 ने जमा केला की पाठवलेले भाग 543 ने आपोआप वापरात पडतात. पाठवले हजार नग आणि तयार होऊन आले नऊशे ऐंशी, तर उरलेल्या वीस नगांचं काय? भंगार झाले, जॉबवर्करकडेच पडून आहेत की मोजणीत चुकले? जीएसटीनुसार असा कच्चा माल एका वर्षात परत यायला हवा. त्यामुळे हा प्रश्न स्टोअर्सपुरता न राहता कराचाही होतो. चाकणच्या स्टोअर्समध्ये हे कागद हाताळलेला माणूस क्लायंटच्या पहिल्याच बैठकीत योग्य प्रश्न विचारेल.

तोच रेझ्युमे नव्याने लिहिला, तर कोडांची रांग जाईल. क्लायंटचं नाव गोपनीय ठेवून उद्योग, प्लांट आणि वापरकर्त्यांची संख्या येईल. पहिल्या प्रकल्पाखाली कोणत्या बैठका स्वतः घेतल्या, OBYC मध्ये काय बांधलं आणि कटओव्हरला साठा कसा जुळवला, हे येईल. दुसऱ्याखाली 'चाचणी टप्प्यापासून गो-लाइव्हनंतरच्या आधारापर्यंत' असं सरळ लिहिलेलं असेल. स्टोअर्स आणि जॉबवर्क पहिल्या पानावर चढतील.

काटेकोर मोजलं तर हा उमेदवार दोनपैकी एकच पूर्ण चक्र दाखवू शकतो आणि एखादा रिक्रूटर त्याला तिथेच गाळेल. पण सुट्या भागांचा क्लायंट हाताशी असलेला प्रोजेक्ट मॅनेजर त्याला बहुधा मुलाखतीला बोलावेल. एप्रिल 2022 च्या कटओव्हरमध्ये साठ्याची किंमत अकाउंट्सशी जुळली नाही तेव्हा काय केलं, हे विचारेल आणि उत्तरात आकडे, विभागांची नावं, त्या रात्रीचा क्रम येतो का, ते पाहील.