पाकिटावरचा नंबर

पुण्यातल्या एका मसाल्याच्या दुकानाने नवी वेबसाइट बांधून घेतली आणि जुन्या गिऱ्हाइकांना कळवायचा मेल लिहायचं काम माझ्याकडे आलं. वेबसाइट करणाऱ्यांनी एक मसुदा आधीच दिला होता. 'आम्ही नव्या रूपात येत आहोत! अधिक वेगवान, अधिक सुंदर, अधिक सोपी खरेदी.' खाली मोठं केशरी बटण होतं आणि त्यावर 'आता भेट द्या' असं लिहिलं होतं. सगळ्यात शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ होती: 'सुरक्षेसाठी कृपया आपला पासवर्ड पुन्हा सेट करा.'

या बारीक ओळीसाठीच तो मेल पाठवायचा होता. वरचं सगळं गाळलं तरी गिऱ्हाइकाचं काही अडलं नसतं. ही ओळ नजरेतून सुटली, तर मात्र दिवाळीच्या तोंडावर भाजणी मागवायला आलेला माणूस जुना पासवर्ड टाकणार, 'चुकीचा पासवर्ड' असं वाचणार, दोनदा प्रयत्न करणार आणि निघून जाणार.

जुने पासवर्ड नव्या साइटवर का नेता येत नाहीत, असं दुकानाच्या मालकांनी मला विचारलं. नावं, पत्ते, जुन्या ऑर्डरी सगळं नेता येतं, मग हेच का नाही? नीट बांधलेली कुठलीही साइट पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाही. ती त्याचं गणिती पीठ करते आणि फक्त ते पीठ ठेवते. आपण पुन्हा पासवर्ड टाकला की त्याचंही तसंच पीठ होतं आणि दोन्ही जुळली तर दार उघडतं. पिठावरून मूळ शब्द काढता येत नाही, गोडा मसाला चाळून अख्खे धणे परत मिळत नाहीत तसंच. नव्या साइटची चक्की वेगळी असेल आणि जुनं पीठ घ्यायची तिची तयारी नसेल, तर एकच वाट उरते: प्रत्येकाने नवा पासवर्ड करायचा. एखाद्या दुकानाने जुना पासवर्ड मेलमध्ये लिहून पाठवला, तर तिथे तो उघडाच पडलेला आहे असं समजावं.

आता अडचण अशी, की 'आमची साइट बदलली आहे, इथे क्लिक करून पासवर्ड बदला' हे भामट्यांचंही आवडतं वाक्य आहे. बँकांनी, पोलिसांनी, वर्तमानपत्रांनी लोकांना वर्षानुवर्षं सांगितलं की असा मेल आला तर हात लावू नका. आमचा खरा मेल वाचून जो सावध होईल, तो शहाणाच म्हणायचा. म्हणून मी केशरी बटण काढायला लावलं. त्याऐवजी लिहिलं, की नेहमीचाच पत्ता स्वतः टाइप करा, 'पासवर्ड विसरलात?' वर जा आणि तुमचा ईमेल द्या. साइटचा पत्ता आम्ही मुद्दाम जुनाच ठेवला होता, त्यामुळे हे सांगणं सोपं गेलं. यात आणखी एक फायदा झाला. पासवर्ड बदलायच्या लिंकची मुदत बहुधा थोडीच असते. एकगठ्ठा मेलमधून ती पाठवली, तर आठवड्याने मेल उघडणाऱ्याला मेलेली लिंक मिळते. स्वतः मागितली की ताजी येते.

मग सुधारणा. मालकांची यादी अकरा कलमांची होती आणि तिच्यात 'नवं सर्व्हर' आणि 'आधुनिक मांडणी' हेही होतं. मी दुकानात बसून गेल्या काही महिन्यांत फोनवर कोणत्या तक्रारी आल्या ते विचारलं. टपालखर्च किती ते पैसे भरायच्या वेळीच कळायचं. फोनवर वजन निवडायचा रकाना दिसायचा नाही, म्हणून पावशेर हवं असताना किलोची ऑर्डर जायची. पार्सल कुठवर आलं हे विचारायला दुकानातच फोन करावा लागायचा. या तीन गोष्टी खरोखर सुधारल्या होत्या, म्हणून मेलमध्ये तीनच राहिल्या आणि त्याही अशा भाषेत: 'पिनकोड टाकलात की टपालखर्च आधीच दिसेल.' 'आधुनिक मांडणी' वाचून कुणाला काय मिळणार?

जे सोबत आलं नाही, तेही सांगितलं. जुन्या ऑर्डरी दिसतील, पण साठवलेले पत्ते एकदा तपासून घ्या, असं लिहिलं. कार्डाचं मात्र वेगळं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या कार्डाचा नंबर आपल्याकडे साठवता येत नाही. म्हणून सरळ लिहिलं: 'तुमच्या कार्डाचा नंबर आमच्याकडे नाही. कार्ड किंवा ओटीपी आम्ही मेलवर किंवा फोनवर कधीच मागणार नाही.'

मेल तयार झाला. चाचणीसाठी स्वतःला पाठवला, तर तो स्पॅममध्ये जाऊन पडला. जीमेलमध्ये मेलच्या मेनूत 'Show original' असतं. ते उघडलं की पाठवणाऱ्याची ओळख पटली की नाही ते दिसतं. तिथे एसपीएफपुढे PASS हवं होतं, ते नव्हतं. आपल्या नावाने कोणकोणत्या सर्व्हरना मेल पाठवायची परवानगी आहे, त्याची यादी म्हणजे एसपीएफ. एकगठ्ठा मेल पाठवणारी नवी सेवा त्या यादीत घालायची होती आणि वेबसाइटवाल्यांनी तिच्यासाठी दुसरी वेगळी ओळ टाकली होती. एका पत्त्याला अशी ओळ एकच चालते. दोन असल्या की तपासणीच फसते. दोन्ही नावं एकाच ओळीत हवीत:

```
v=spf1 include:_spf.google.com include:spf.example.com ~all
```

दुसरं नाव प्रत्येकाच्या सेवेप्रमाणे बदलतं. शिवाय डीकेआयएम, म्हणजे मेलवरची डिजिटल सही, तीही लागते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू याबाबत कडक झाले आहेत. गूगल सांगतं, की हजार मेलांमागे 'स्पॅम' म्हणणाऱ्या तक्रारी तीनपर्यंतही पोचू नयेत. दहा वर्षांपूर्वी एकदाच हळद घेतलेल्या माणसाला आपलं नाव आठवत नाही आणि तो तेच बटण दाबतो. म्हणून गेल्या दोन वर्षांत काही घेतलेल्यांनाच मेल पाठवायचं ठरलं.

साइट सुरू झाल्यावर चार दिवस आम्ही कुणालाच कळवलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लोकांनी जपलेल्या जुन्या लिंका नव्या पानांवर नेमक्या पोचतात का, ते एकेक उघडून पाहिलं. थालीपीठ भाजणीची लिंक पहिल्या पानावर जात होती, ती दुरुस्त करून घेतली. मग मंगळवारी सकाळी शंभर जणांना मेल गेला. विषयाची ओळ होती, 'आमची वेबसाइट बदलली आहे, तुम्हाला नवा पासवर्ड लागेल'.

दुपारी नाशिकहून एका काकूंचा फोन आला. "अहो, तुमच्या नावाने पासवर्ड बदला म्हणून मेल आलाय. तो तुमचाच ना, की कुणी फसवतंय?"

"आमचाच आहे काकू. पण बरं झालं विचारलंत. नंबर कुठून मिळाला?" मालकांनी विचारलं.

"मेलमध्ये होता की, पण त्याच्यावर कसा विश्वास ठेवायचा? म्हणून डब्यातलं तुमचं पाकीट काढलं. त्याच्यावरचा लावला."

बाकीच्यांना मेल पाठवण्याआधी आम्ही त्यातला नंबर काढून टाकला. त्याजागी लिहिलं: 'खात्री करायची असेल, तर तुमच्या घरातल्या आमच्या पाकिटावर छापलेल्या नंबरवर फोन करा. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, आम्ही स्वतः उचलतो.'