बँक आणि आपण – भाग ६ : कर्जातून कापलेले शेअर्स

गेल्या भागात ठेवींच्या विम्याबद्दल लिहिलं होतं. सरकारी, खासगी किंवा नागरी सहकारी, बँक कुठलीही असो, एका बँकेतल्या तुमच्या नावावरच्या सगळ्या ठेवी मिळून ५ लाखांपर्यंतच विमा असतो, आणि त्यात मुद्दल व व्याज दोन्ही धरतात. पतसंस्थेला हा विमा नाही. त्यामुळे सहकारी बँकेत पाऊण टक्का जास्त व्याज मिळत असेल, तर साडेचार लाखांची ठेव ठेवायला माझी हरकत नाही. वर्षाला साधारण ३,३७५ रुपये जास्त मिळतील आणि व्याजही विम्यात बसेल.

पण त्याच बँकेतून कर्ज घेतलं की हिशेब बदलतो. समजा, १० लाखांचं तारण कर्ज आहे, व्याज साडेदहा टक्के आणि मुदत पाच वर्षं. पुष्कळ सहकारी बँका तारण कर्जावर अडीच टक्के शेअर्स घ्यायला लावतात. म्हणजे २५,००० रुपये कापून हातात पडतात ९,७५,०००, व्याज मात्र पूर्ण १० लाखांवर. त्या २५,००० वर तुम्ही वर्षाला २,६२५ रुपये व्याज भरता. बँकेने ८ टक्के लाभांश दिला, तर २,००० परत येतात. ज्या वर्षी लाभांश नाही, त्या वर्षी सगळा भार तुमचा. शिवाय हप्ते भरून कर्ज कमी होत जातं, शेअर्स तेवढेच राहतात. शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला बाकी असते सुमारे २ लाख ४४ हजार, आणि अडकलेले असतात तेच २५,०००. व्यापारी बँकेत ही कपात नसते. म्हणून दोन्हींचे नुसते व्याजदर शेजारी ठेवून तुलना करू नका.

शेअर म्हणजे ठेव नव्हे, त्याला विमा नाही. तोटा झाला की आधी भागभांडवलच खर्ची पडतं. पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले आणि जानेवारी २०२२ मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. मोठ्या ठेवीदारांना पैशांसाठी वर्षानुवर्षांच्या टप्प्यांची वाट पाहावी लागली. भागधारकांची रांग तर ठेवीदारांच्याही मागे असते. आणि बँक उत्तम चालली तरी सहकारी शेअर परत करताना दर्शनी किंमतच मिळते.

तरीही छोट्या दुकानदाराला सहकारी बँकेत शाखाधिकारी ओळखीचा असतो, त्याचा धंदा त्या माणसाने पाहिलेला असतो. व्यापारी बँकेने परत पाठवलेला अर्ज तिथे मंजूर होतो. अशा कर्जासाठी मी शेअर्सचा खर्च मान्य करेन. केवळ लाभांशाच्या आशेने जास्तीचे शेअर्स मात्र घेणार नाही.

कर्ज फिटल्यावर अनेक जण ना-हरकत दाखला घेतात आणि शेअर्स तसेच सोडून देतात. ते आपोआप परत येत नाहीत. शेअर सर्टिफिकेट जपून ठेवा, परतीचा लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.