दर ९० दिवसांनी पासवर्ड कशाला बदलायचा?

एका कार्यालयातल्या संगणकांची देखभाल माझ्याकडे होती. बिघडलेला कीबोर्ड उचलला, तर खाली चिकटपट्टीने लावलेली चिठ्ठी दिसली. `Ganpati#05` खोडलेला, `Ganpati#06` खोडलेला आणि त्याखाली `Ganpati#07`. तिथे बसणाऱ्या ताईंना मी काय बोलणार? दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती मीच लावली होती.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावणं बंद करावं. माणूस दर तीन महिन्यांनी नवा पासवर्ड रचत नाही, जुन्यालाच थोडी मुरड घालतो. आकडा एकाने वाढवतो, `s` च्या जागी `$` टाकतो, शेवटचं चिन्ह पुढे आणतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये हेच तपासलं. तिथे दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलावा लागे. बंद झालेल्या सुमारे दहा हजार खात्यांचे जुने पासवर्ड त्यांनी घेतले आणि अशा मुरडी संगणकाला शिकवल्या. आधीचा पासवर्ड माहीत असला, तर सुमारे ४१ टक्के वेळा पुढचा काही सेकंदांत सापडत होता. म्हणजे `Ganpati#06` चोरणाऱ्याला `Ganpati#07` वेगळा चोरावाच लागत नाही.

अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनेही २०१७ च्या मार्गदर्शिकेत मुदतीची सक्ती नको असं सांगितलं. पासवर्ड फुटल्याचा पुरावा दिसला, तर मात्र तो लगेच बदलायला लावावा, असंही त्यात आहे.

याविरुद्धचा मुद्दा मला वजनदार वाटतो. पासवर्ड फुटला हे अनेकदा महिनोन्महिने कळतच नाही. अशा वेळी मुदत संपली की चोराचं दार बंद होतं, निदान ज्याने पासवर्ड पूर्ण बदलला त्याच्यापुरतं तरी. जिथे चार जण एकच पासवर्ड वापरतात आणि ओटीपीसारखी दुसरी खूणही नाही, तिथे मीही आज ही सक्ती काढणार नाही. पण पैसे किंवा माहिती चोरणारा ९० दिवस थांबत नाही, पहिल्याच दिवशी काम उरकतो. सक्तीचा उपयोग होतो तो गुपचूप पाळत ठेवणाऱ्यापुरता.

त्या कार्यालयात आम्ही आधी प्रत्येकाला स्वतंत्र खातं दिलं, मग ओटीपी सुरू केला आणि त्यानंतरच मुदत काढली. पासवर्ड किमान १५ अक्षरांचा हवा, एवढंच ठेवलं. तो फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत असला, तर संगणक नाकारतो. ताईंनी एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडून एक पासवर्ड केला. तो दोन आठवडे रोज टाइप केल्यावर त्यांना पाठ झाला आणि चिठ्ठी त्यांनी स्वतःच फाडून टाकली.