एका लिटरात वर्षभराचं लोह

"काय की माय, बाजेवरून उठलं की डोळ्यापुढं अंधारीच येतंय." निलंगा तालुक्यातली ही बाळंतीण आठव्या दिवशी आईला सांगते. "ओली बाळंतीण, असं व्हायचंच," म्हणून आई डिंकाचा लाडू पुढं करते. आशाताई मात्र तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघते. आतला भाग पांढराफटक. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तपासणी होते. हिमोग्लोबिन ७.२, आणि शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारं फेरिटिन फक्त ८.

बाळंतपणात वार पडल्यावर गर्भाशय नीट आवळलं नव्हतं आणि सुमारे लिटरभर रक्त गेलं होतं. इंजेक्शनानं ते थांबलं. तासाभरानं पाहिलेलं हिमोग्लोबिन साडेनऊ होतं, म्हणून सगळे निर्धास्त. पण रक्त जातं तेव्हा पेशी आणि पाणी दोन्ही सारख्याच प्रमाणात जातात, त्यामुळे उरलेलं रक्त लगेच पातळ होत नाही. पुढच्या दोनतीन दिवसांत शरीर पाण्याची भरपाई करतं आणि मग खरा आकडा दिसतो.

खरी नवलाई लोहाच्या हिशेबात आहे. जादा लोह लघवीवाटे टाकून देण्याची सोयच आपल्या शरीरात नाही. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती म्हातारी झाली की प्लीहा आणि यकृतातल्या पेशी तिला गिळतात आणि मोड घेऊन नवं भांडं घडवणाऱ्या तांबटासारखं तिच्यातलं लोह नव्या पेशींसाठी परत देतात. रोज वीसेक मिलिग्रॅम लोह असं फिरत राहतं. जेवणातून अंगी लागतं ते जेमतेम एकदोन मिलिग्रॅम.

बाळंतपणाआधी तिचं हिमोग्लोबिन १० होतं. अशा एक लिटर रक्तात साधारण ३४० मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे रोजच्या एका मिलिग्रॅमच्या हिशेबानं जवळपास वर्षाची कमाई तासाभरात गेली! त्याआधी बाळानंही आपला वाटा नेलेला. सातव्या महिन्यात ती चोरून पाटीवरची पेन्सिल खायची. घरात त्याला डोहाळे म्हणत होते. साठा रिता होत आल्याची ती खूण असावी.

लाडवांनी हा खड्डा भरत नाही. ज्वारीतलं फायटेट आणि जेवणावरचा चहा लोह अडवतात, ते वेगळंच. तिचं वजन ४५ किलो. डॉक्टरांनी हिशेब मांडला : हिमोग्लोबिन १२ वर न्यायला सुमारे ५०० आणि साठ्यासाठी ५००, एकूण हजार मिलिग्रॅम. ते आयर्न सुक्रोज २०० मिलिग्रॅमच्या पाच सलाईनांतून, दिवसाआड द्यायचं ठरलं. धाप लागली असती किंवा रक्तस्राव चालूच असता, तर रक्तच चढवावं लागलं असतं.

महिन्याभरात हिमोग्लोबिन दहाच्या पुढं जातं, अंधारी थांबते. आता गोळ्या कशाला, असं घरचे म्हणू लागतात. पण मिळालेलं लोह आधी रक्त बनवण्यात खर्ची पडतं, साठा सर्वांत शेवटी भरतो. म्हणून सलाईनं संपल्यावर काही दिवसांनी लाल गोळी सुरू करून ती बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत चालू ठेवायची असते.