कलम दोनमधला बांबू

मेळघाटात सेमाडोहच्या जंगलात सागाच्या सावलीला बांबूची बेटं आहेत. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबी हे गवत. पण १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या हिशेबी तो नव्वद वर्षं झाड होता आणि २३ नोव्हेंबर २०१७ रोजी निघालेल्या वटहुकमानं तो झाड राहिला नाही. एकच बांबू, तीच सिपना नदी, तोच उतार. बदलला तो फक्त अधिनियमातल्या कलम २ च्या सातव्या खंडातला एक शब्द.

कायद्याच्या पुस्तकात कलम १ ला नाव आणि व्याप्ती असते, कलम २ ला व्याख्या. बहुतेक वाचक, आणि खरं सांगायचं तर बरेच वकीलही, कलम २ ओलांडून थेट मनाई आणि शिक्षेच्या कलमांकडे जातात. 'झाड' म्हणजे झाड, 'इमारती लाकूड' म्हणजे लाकूड, त्यात बघायचं काय? बघायचं हे की व्याख्या केलेला शब्द पुढे प्रत्येक कलमात तोच खास अर्थ घेऊन उभा असतो आणि आपण मात्र तो रोजच्या अर्थानं वाचत जातो. मेळघाटात बांबूवरून जे वाद झाले, होतात, त्यांतला मोठा भाग या एका गफलतीतून उगवतो. म्हणून या लेखात इतर सगळं बाजूला ठेवून बांबूचाच माग काढला आहे.

वन अधिनियमाच्या कलम २ मध्ये झाडाची मूळ व्याख्या अशी होती: झाड यात ताड-माडासारखी झाडं, बांबू, बुंधे, झुडुपी लाकूड आणि वेत यांचा समावेश होतो. याच कलमात 'इमारती लाकूड' या शब्दात पडलेली किंवा तोडलेली झाडं येतात, शिवाय कापलेलं, घडवलेलं, पोकळ केलेलं सगळं लाकूड येतं. आणि 'वनोपज' या शब्दाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात इमारती लाकूड, कोळसा, राळ, लाख, मोहाची फुलं अशा वस्तू आहेत. या वस्तू जंगलातल्या असोत वा नसोत, वनोपजच. दुसऱ्या भागातल्या वस्तू मात्र जंगलात सापडल्या किंवा जंगलातून आणल्या तरच वनोपज ठरतात. त्यात झाडं, पानं, फुलं, फळं, आणि 'झाडं नसलेल्या वनस्पती' म्हणजे गवत, वेली, लव्हाळे, शेवाळ, असं सारं आहे.

आता हे तीन शब्द एकमेकांत अडकवून पाहा. बांबू झाड. तोडलेलं झाड इमारती लाकूड. इमारती लाकूड कुठलंही असलं तरी वनोपज. म्हणजे अचलपूरकडच्या एखाद्या शेतकऱ्यानं स्वतःच्या बांधावर लावलेला, स्वतः पाणी घातलेला बांबू तोडला की तो वनोपज होत होता. मग कलम ४१ खालच्या वाहतुकीच्या नियमांना तो बांधला गेला आणि टीपीविना, म्हणजे वाहतूक परवान्याविना, गाडीत घातला तर कलम ५२ खाली जप्तीला पात्र झाला. कुणी जाणूनबुजून शेतकऱ्याविरुद्ध कट केला नव्हता. व्याख्येत एक शब्द होता आणि बाकी सगळं त्याच्या मागून ओळीनं आलं.

२०१७ च्या वटहुकमानं, आणि नंतर संसदेनं मंजूर केलेल्या भारतीय वन (सुधारणा) अधिनियमानं, सातव्या खंडातला 'बांबू' एवढाच शब्द गाळला. वर्तमानपत्रांत मथळे आले, 'बांबू आता झाड नाही', आणि बऱ्याच गावांत त्याचा अर्थ असा घेतला गेला की आता बांबू मोकळा झाला. इथंच कलम २ नीट वाचायला हवं. बांबू झाड राहिला नाही म्हणून तोडलेला बांबू इमारती लाकूडही राहिला नाही, आणि म्हणून वनोपजाच्या पहिल्या भागातून तो बाहेर पडला. पण वनोपजाचा दुसरा भाग शिल्लक आहे आणि त्यात झाडं नसलेल्या वनस्पती आहेतच. बांबू आता त्या दाराने आत येतो. फरक एवढाच की त्या दारावर 'जंगलातून आणलेला' ही अट आहे. बांधावरचा बांबू सुटला. सेमाडोहच्या जंगलातला बांबू पूर्वीइतकाच वनोपज आहे.

या गाळण्याचा एक बारीक परिणाम मला फार शिकवणारा वाटतो. राखीव जंगलातल्या मनाईचं कलम २६ आहे. त्यात झाड तोडणं, साल काढणं यांसाठी एक उपखंड आहे आणि वनोपज गोळा करणं किंवा नेणं यासाठी दुसरा. पूर्वी बांबू तोडणारा माणूस पहिल्या उपखंडात बसत होता. आता बसत नाही, कारण तो 'झाड' तोडत नाही. पण बांबू घेऊन निघाला की दुसऱ्या उपखंडात अलगद येतो. म्हणून खटल्याचे कागद तयार करताना जुन्या सवयीनं 'झाड तोडलं' असं लिहिलं, तर बचावाच्या वकिलाला आयतं कोलीत मिळतं. व्याख्येतला शब्द काढला की तो ज्या-ज्या कलमात होता तिथं-तिथं जाऊन पाहावं लागतं, काय पडलं आणि काय टिकलं.

शेतकऱ्याची अडचणही पुरती संपलेली नाही. बांबू बांधावरचा की जंगलातला हे नुसतं पाहून कळत नाही, आणि कलम ६९ असं सांगतं की वनोपज सरकारचं आहे का असा प्रश्न उभा राहिला तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचंच मानायचं. तेव्हा सातबाऱ्यावर बांबूची नोंद असणं हा या सगळ्यातला सर्वात उपयोगी कागद.

व्याख्या वाचताना दोन शब्दप्रयोगांकडे लक्ष ठेवायचं असतं. 'म्हणजे' असं लिहिलं असेल तर बहुधा व्याख्या बंद झाली. यादीत नाही ते आत नाही. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन अधिनियमात झाड म्हणजे अनुसूचीत दिलेल्या जातीचं झाड. बाकी कितीही उंच असलं तरी त्या कायद्यापुरतं झाड नाही. 'यात समावेश होतो' असं लिहिलं असेल तर शब्दाचा रोजचा अर्थ राहतोच आणि वर आणखी भर पडते. १९२७ च्या व्याख्येत बांबू असाच भर म्हणून आला होता, कारण रोजच्या अर्थानं कुणी बांबूला झाड म्हटलं नसतं. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमातली 'शिकार' याच जातीची. त्यात ठार मारणं तर आहेच, पण सापळा लावणं, हाकारा घालणं, प्रयत्न करणं आणि पक्ष्यांच्या किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या घरट्याला, अंड्याला धक्का लावणंही आहे. घरट्यातली अंडी उचलणाऱ्या पोराला आपण शिकार केली असं स्वप्नातही वाटणार नाही.

तिसरी गोष्ट जवळजवळ प्रत्येक व्याख्या कलमाच्या पहिल्या ओळीत असते: विषयाशी किंवा संदर्भाशी विसंगत नसेल तर. व्याख्या सर्वत्र लागू, पण जिथं ती लावली तर कलमाचा हेतूच मरतो तिथं मागे सरते. १९६० साली सर्वोच्च न्यायालयानं विमा कायद्यात हे केलं. 'विमाकर्ता' म्हणजे विम्याचा धंदा करणारा अशी व्याख्या होती. मग धंदा बंद केलेल्या कंपनीची चौकशी करता येते का? न्यायालय म्हणालं, चौकशीच्या कलमांचा संदर्भ पाहता येते. पण ही वाट अरुंद आहे. अर्थ आपल्याला सोयीचा नाही एवढ्यावरून संदर्भाचा आधार मिळत नाही.

व्याख्येची हद्द कुठं संपते याचा उत्तम नमुना महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात आहे. सुरेश लोहिया विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९९६. प्रश्न होता बांबूच्या चटईचा. बांबू तेव्हा झाड होता, तोडला की इमारती लाकूड, मग त्याची चटईही वनोपज का नाही? सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की माणसाच्या श्रमानं बाजारात वेगळी वस्तू म्हणून ओळखली जाणारी नवी चीज तयार झाली की ती वनोपज राहत नाही. मेळघाटात लवादा इथं संपूर्ण बांबू केंद्रात बांबूच्या वस्तू घडवल्या जातात. तिथं काम करणाऱ्यांना हा निकाल ठाऊक असणं उपयोगाचं. मात्र चटई मोकळी झाली म्हणून जंगलातून परवानगीविना आणलेला बांबू मोकळा होत नाही. चटईचा कायदा चटईपासून सुरू होतो.

सेमाडोहला आणखी एक पदर आहे. हे गाव मेळघाट व्याघ्र प्रकल्पात, आणि १९७३ साली देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प जाहीर झाले त्यांत मेळघाट होता. अभयारण्यातून वन्यजीव, वनोपज धरून, नेण्यावर वन्यजीव अधिनियमाचं कलम २९ मनाई करतं. इथं 'वनोपज' कुठला? हा कायदा स्वतः व्याख्या न करता वन अधिनियमाच्या व्याख्येतला दुसरा भाग उसना घेतो. पहिला घेत नाही. म्हणजे एका कायद्याच्या कलम २ मधून दुसऱ्याच्या कलम २ मध्ये जायचं आणि तिथंही अर्धाच परिच्छेद वाचायचा. २०१७ ची सुधारणा इथं जवळजवळ निष्फळ आहे; गवत म्हणून का होईना, बांबू त्या दुसऱ्या भागात आहेच.

आणि मग २००६ चा वनहक्क कायदा येतो. त्याच्या कलम २ मध्ये 'गौण वनोपज' या शब्दात वनस्पतीपासून मिळणारं, इमारती लाकूड नसलेलं सगळं वनोपज येतं, आणि बांबू, वेत, मध, लाख, तेंदूपानं ही नावं घेऊन सांगितली आहेत. 'वनजमीन' या शब्दात अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानही आहे. कलम ३ परंपरेनं गोळा होत आलेल्या गौण वनोपजावर मालकी देतं. वन खात्यानं कितीतरी वर्षं असा युक्तिवाद चालवला की १९२७ च्या कायद्यात बांबू झाड आहे, तेव्हा तो गौण कसा? ही चूक ओळखायची खूण सोपी आहे: एका कायद्याची व्याख्या दुसऱ्यावर लावली जात आहे आणि दुसऱ्यानं तिला बोलावलेलं नाही. व्याख्या कलमाची सुरुवातच 'या अधिनियमात' अशी असते. त्यातून वनहक्क कायद्यानं बांबूचं नाव घेतलं होतं. शंकेला जागाच नव्हती. तरी गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना स्वतः देण्याचा अधिकार मिळायला २७ एप्रिल २०११ उजाडावा लागला. त्या दिवशी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात गेले होते.

वनहक्क कायद्याच्या नियमांतही एक शब्द आहे, 'विल्हेवाट'. २००८ च्या नियमांत त्याच्या व्याख्येतली वाहतूक जंगलातल्या जंगलात डोक्यावरचा भारा, सायकल, हातगाडी यांच्यापुरती आखडली होती. २०१२ च्या दुरुस्तीत व्याख्येत विक्रीचा हक्क, साठवण आणि जंगलाबाहेरची वाहतूक आली आणि वाहतूक परवाना देण्याचं काम ग्रामसभेच्या समितीकडे गेलं. कलम ३ मधला हक्क अक्षरानंही बदलला नव्हता. व्याख्या रुंद झाली तेव्हा हक्क पोटाला येण्याजोगा झाला.

चिखलदरा आणि धारणी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत आणि सामूहिक वनहक्काचे दावे इथल्या ग्रामसभांनी भरलेले आहेत, काही अजून भरायचे आहेत. दाव्याच्या नमुन्यात गौण वनोपजाचा रकाना असतो. तिथं नुसतं 'गौण वनोपज' लिहून मोकळं होऊ नका. बांबू लिहा, मोह लिहा, तेंदू लिहा, आणि जंगलाच्या कुठल्या भागातून, किती पिढ्यांपासून आणता तेही लिहा. टेबलापलीकडच्या माणसानं १९२७ चं पुस्तक काढलं तर त्याला शांतपणे २००६ च्या कायद्याचं कलम २ उघडून दाखवा.